पीटीच्या तासाला व्हिडिओ पाहायचा, मग धावायचं कधी? मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या शाळांमध्ये शारीरिक शिक्षण शिकवणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. गेल्या वर्षी व्यासपीठावरून आम्हाला शब्द मिळाला होता की खेळाच्या तासाआधी मुलांनी घरी पाहायच्या छोट्या चित्रफिती शिक्षकांना स्वतः बनवू दिल्या जातील आणि तासिकेची सगळी मिनिटं मैदानावर जातील. आम्ही टाळ्या वाजवल्या. आता हातात परिपत्रक पडलं आहे. त्यानुसार दर आठवड्याला 20 मिनिटांचा व्हिडिओ खेळाच्या तासिकेतच, स्मार्ट बोर्ड असलेल्या खोलीत, मुलांना बसवून दाखवायचा, आणि बसलेल्या मुलांचा फोटो स्थळ-वेळेसह अपलोड करायचा.

म्हणजे पंगत बसवायची आणि पानात पाककृतीचं पुस्तक वाढायचं.

फीत घरी पाहून सराव शाळेत करायची ही 'उलट्या वर्गा'ची पद्धत 2007 च्या सुमारास अमेरिकेतल्या कोलोराडोमधल्या बर्गमन आणि सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांमुळे गाजली. तिचं सूत्र साधं आहे. जे ऐकून-पाहून कळतं ते वर्गाबाहेर, आणि जिथे शिक्षक जवळ लागतो ते वर्गात. आपल्या परिपत्रकाने दोन्ही वर्गातच कोंबलं आणि मैदान बाहेर काढलं. मसुदा लिहिणाऱ्याने शेवटचा खो कधी दिला होता, हे विचारायचा मोह आवरतो.

परिपत्रकात बदल सुचवायचा तर आधी तासिका कशी खर्च होते ते समजून घ्या. सातवीचा वर्ग, पट 60, तासिका 35 मिनिटांची, विषय खो-खो. जिना उतरून रांगा लागेपर्यंत 5 मिनिटं. हजेरी 3. नियम आणि प्रात्यक्षिक 9. संघ पाडणं आणि 'सर, मला त्याच्यात नको' यात 5. परत वर्गात जायला 3. उरली 10 मिनिटं. त्यातही मैदानात उतरतात 18 जण आणि 42 जण कडेला बसून माती उकरतात. मैदानातल्यांचं काय? आठ जण चौरसात बसलेले, एक पाठलाग करणारा, तीन बचाव करणारे, बाकीचे बचावपटू आपल्या पाळीची वाट बघत. 60 मुलांमधली चार मुलं पळत असतात.

आता तोच पाठ उलटवून पाहू. दोन दिवस आधी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर तीन फिती जातात. प्रत्येक फीत 60 ते 90 सेकंदांची आणि 480पी दर्जाची, म्हणजे दहा एमबीच्या आत बसते. पहिलीत चवड्यावरची बैठक आणि एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड. दुसरीत खो देणं: पाठीमागून, हात लावून, स्पष्ट 'खो' म्हणून. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, आणि उठल्यावर ज्या बाजूला तोंड आहे त्याच बाजूला निघायचं. इथे दोन चुका मुद्दाम दाखवायच्या. एक मुलगा खो येण्याआधीच अर्धा उठतो. दुसरा बसलेल्याच्या लांबवलेल्या हाताला शिवून खो देतो. दोन्ही फाऊल.

तिसरी फीत सगळ्यात कामाची, आणि नेमकी हीच कुणी बनवत नाही. तिच्यात कौशल्य नसतं, फक्त आजची मांडणी असते. शाळेच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून खाली मैदानाचं चित्रण: पाच-पाच मुलांच्या बारा साखळ्या कुठे, हजेरी क्रमांक 1 ते 5 पहिल्या साखळीत, 6 ते 10 दुसऱ्या, शिट्टी झाली की कुणी कुठे सरकायचं. मुलं मैदानावर येतात ती थेट आपल्या जागेवर. रिकामी जागा म्हणजे गैरहजर, वेगळी हजेरी नको. संघ पाडायचे नाहीत. नियम समजावण्यापेक्षा हा गोंधळ वाचवूनच जास्त मिनिटं हाती लागतात, पण कुठल्याही प्रशिक्षणात हे कुणी सांगत नाही, कारण चकचकीत चित्रीकरणात ते दिसत नाही.

मग तासिका अशी होते. खाली येऊन जागा घ्यायला 4 मिनिटं. 2 मिनिटं पडताळणी, तीही पळत: शिक्षक 'हाताला शिवून दिलेला खो चालतो का?' असं विचारतात, हो म्हणणारे डाव्या खांबाकडे आणि नाही म्हणणारे उजव्या खांबाकडे धावतात. डावीकडे गर्दी दिसली की दुसरी फीत कळली नाही, हे उघड होतं. पुढची 8 मिनिटं साखळ्या. चौघं दोन-दोन मीटरवर बसलेले, पाचवा खो देत जातो. साधारण चार सेकंदांना एक खो पडतो, म्हणजे प्रत्येकाची पाळी वीस सेकंदांत येते. एका साखळीला 10 मीटर लांब आणि 3 मीटर रुंद पट्टी पुरते. सहा-सहाच्या दोन रांगा लावल्या की 20 बाय 18 मीटरमध्ये 60 मुलं मावतात. अधिकृत मैदान 27 बाय 16 मीटरचं असतं, त्याहूनही ही जागा कमी. नंतर दोन-दोन साखळ्या जोडून 16 मिनिटं खेळ: पाच बसलेले, एक पाठलाग करणारा, तीन बचाव करणारे, एक फाऊल पाहणारा, दर 90 सेकंदांनी बदल. एका वेळी पळणारी मुलं चाराची 24 होतात, आणि बसलेल्यांनाही उठबस असते. शेवटची 5 मिनिटं पाणी आणि परतीला.

खेळाची 10 मिनिटं होती ती 24 झाली. आठवड्याला दोन तासिका आणि वर्षाचे 32 आठवडे धरले, तर 64 तासिकांत 896 मिनिटं वाचतात. म्हणजे पंचवीसहून जास्त तासिका, एकही नवी नेमणूक न करता. खजिन्यावर ताण नको असतो ना आपल्याला?

हे फसतं कुठे, तेही सांगतो, नाहीतर 'शिक्षकांना फक्त तक्रार येते' हे वाक्य तयारच असेल. पहिलं म्हणजे फोन. टीटीसीच्या औद्योगिक पट्ट्यात कामाला जाणाऱ्या बापाबरोबर घरातला एकुलता फोन जातो आणि रात्री परत येतो. म्हणून फीत दोन रात्री आधी हवी, आदल्या संध्याकाळी नको. तरीही वर्गातल्या काहींची पाहायची राहणारच. त्यांच्यासाठी फितीतली चार चित्रं छापून फलकावर लावायची आणि खिचडीच्या रांगेच्या वेळी बोर्डावर फीत चालू ठेवायची. तो स्मार्ट बोर्ड तिथे खरंच उपयोगी पडेल. साखळी लावताना फीत पाहिलेलं मूल पुढे आणि न पाहिलेलं त्याच्या मागे, म्हणजे बघत बघत कळतं.

दुसरी चूक शिक्षकांची. काहींनी फीत पाहिलेली नाही हे दिसलं की आम्ही मैदानावर पुन्हा सगळं समजावायला लागतो. एकदा तसं केलं की पाहून आलेली मुलं पुढच्या वेळी पाहत नाहीत, आणि दोन आठवड्यांत आपण जुन्या 9 मिनिटांवर परततो. फितीतलं मैदानावर पुन्हा शिकवायचं नाही. ज्या मुलाचं चुकतंय त्याच्याजवळ जाऊन, खेळ चालू ठेवून, एक वाक्य बोलायचं.

तिसरं, सगळंच घरी पाठवायचं नसतं. खांबाजवळ सूर मारणं, कोलांटी, उंच उडीनंतरचं पडणं यांची फीत पाठवली की मुलं ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणि चाळीच्या जिन्यावर करून पाहणार. तिथे गादी नसते आणि झेलणारा हातही नसतो. असली कौशल्यं शिक्षकासमोरच. आमच्या बऱ्याच शाळांच्या आवारात तर पेव्हर ब्लॉक आहेत, तिथे सूर मारणं शाळेतही बंदच हवं. आपल्या वीस मिनिटांच्या नमुना-व्हिडिओत संगीताच्या तालावर सूर मारणारा खेळाडू तीनदा दाखवला आहे. छान आहे. कोपर फुटल्यावर खर्च कोण देणार, तेवढं परिपत्रकात राहिलं.

चित्रीकरणाला स्टुडिओ लागत नाही. फोन आडवा, मुलाच्या कमरेच्या उंचीवर, ऊन कॅमेऱ्याच्या मागे. बैठक बाजूने घ्यायची, पण खो पाठीमागून घ्यायचा, कारण खेळताना पाठलाग करणाऱ्याला समोरच्याची पाठच दिसते. यात मुलाचा चेहराही येत नाही, संमतीची कटकट कमी. आधी नेहमीच्या वेगाने, मग सावकाश, पुन्हा नेहमीच्या वेगाने. दोन मिनिटांच्या वर गेली की फीत शेवटपर्यंत पाहिली जात नाही.

आणि यश मोजायचं तर 'किती जणांनी पाहिलं' हा आकडा फेकून द्या. 1991 साली मॅकेन्झी, सॅलिस आणि नेडर यांनी खेळाचा तास मोजण्याची एक रीत मांडली: एका मुलाकडे 10 सेकंद बघायचं, पुढचे 10 सेकंद नोंद करायची, आडवा, बसलेला, उभा, चालणारा की जोरात हालणारा. कागद, पेन्सिल आणि घड्याळ एवढ्यावर ती चालते. निम्म्या नोंदी चालण्याच्या किंवा त्याहून जोरकस हालचालीच्या आल्या तर तास चांगला झाला. आपल्या नव्या तासात शंभर टक्के नोंदी 'बसलेला' येतील, आणि फोटोत त्या सुंदर दिसतील.

खरं दुखणं इथेच आहे. या व्यवस्थेला जे फोटोत मावतं तेच काम वाटतं. पळणारं मूल फोटोत धूसर येतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत क्रीडांगण लिहिलं आहे, आणि सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तिथे आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकही. कळव्यापासून बेलापूरपर्यंत निम्म्याहून अधिक शाळांकडे पूर्ण मापाचं खो-खो मैदान नसावं असा आमचा अंदाज आहे. चुकत असेल तर खरा आकडा छापा, आम्ही तो फलकावर लावू. जिथे मैदान आहे तिथे कधी मांडव, कधी गाड्या, कधी बांधकामाची खडी. कायद्याचं कलम 27 शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक यांसाठी नेण्याची मुभा देतं. खुर्च्या मोजायला, पाहुण्यांच्या स्वागताला लेझीम बसवायला आणि गैरहजर गणित-शिक्षकाचा वर्ग सांभाळायला नेण्याची मुभा कुठल्या कलमात आहे? पीटीचा शिक्षक म्हणजे रिकामा माणूस, हे एकदा ठरलं की त्याचा तासही रिकामाच समजला जातो. मग त्यात व्हिडिओ घातला काय, परीक्षेची उजळणी घातली काय.

आमचं म्हणणं एवढंच. तासिकेत व्हिडिओ दाखवण्याची अट मागे घ्या. 20 मिनिटांऐवजी दोन मिनिटांची मर्यादा घाला, आणि फीत शिक्षकाला आपल्या मैदानावर, आपल्या मुलांसाठी बनवू द्या. राज्यभर एकच फीत पाठवली तर तिसऱ्या फितीतली मांडणी कुणालाच लागू पडणार नाही. फोटोची अट काढून महिन्यातून एकदा वर सांगितलेली नोंद मागा. पावसाळ्यात मैदान बंद असताना व्हरांड्यात काय करायचं याच्या चार फिती आम्ही आधीच बनवल्या आहेत, त्या फुकट देतो. आणि पुढच्या तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हातात कॅमेऱ्याऐवजी स्टॉपवॉच द्या. नसेल तर आमच्याकडे आहे, स्वतःच्या पैशांनी घेतलेलं.

आपले,
ठाणे व नवी मुंबईतील काही शारीरिक शिक्षण शिक्षक