कॅप्शनमधून गळणारे ‘नाही’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. तिच्या दोन्ही कानांना श्रवणयंत्र आहे. वर्गात ती सरांच्या ओठांकडे बघून भागवते, पण ऑनलाइन तासाला सरांचा चेहरा टपाल तिकिटाएवढा दिसतो. मग सगळी भिस्त खाली धावणाऱ्या, बोलणे ऐकून आपोआप उमटणाऱ्या कॅप्शनवर. मध्यंतरी केमिस्ट्रीच्या तासाला सर म्हणाले, ‘‘कॅटॅलिस्ट रिअ‍ॅक्शनमध्ये कन्झ्यूम होत नाही.’’ स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत उमटले, ‘कॅटॅलिस्ट रिअ‍ॅक्शन मेड कन्झ्यूम हॉट’. ‘मध्ये’चे ‘मेड’ झाले, ‘होत’चे ‘हॉट’ आणि ‘नाही’ गळूनच गेले. तिने वहीत लिहिले की उत्प्रेरक संपून जातो, तोही गरम असताना. मी शेजारी भाजी निवडत होते, म्हणून निदान लक्षात तरी आले.

सेटिंगमध्ये बोलण्याची भाषा इंग्रजी ठेवलेली होती. मग कानावर येणारा प्रत्येक आवाज कुठल्या तरी इंग्रजी शब्दातच बसवला जातो. शब्द ठरवताना कॅप्शनची यंत्रणा शेजारच्या शब्दांचा आधार घेते. म्हणून सलग इंग्रजी बोलले तर आपले मराठी वळणाचे उच्चार बरेचसे खपून जातात. ‘पेअर’ म्हणताना आपण इंग्रजांसारखा ‘प’वर श्वास सोडत नाही, त्यामुळे तो ‘बेअर’सारखा वाटू शकतो, पण मागे ‘लोन’ आणि पुढे ‘ऑफ इलेक्ट्रॉन्स’ असले की चूक सावरली जाते. वाक्य अर्धे मराठी असेल तर शेजारचे शब्दच चुकलेले असतात, मग सावरायचे कशाच्या आधाराने?

सरांनी भाषा बदलून मराठी केली. ‘नाही’ परत आले, पण ‘आयन’चे ‘आईनं’ झाले. ‘आईनं इलेक्ट्रॉन दिला’ हे वाक्य आमच्या घरात अजून चालते!

तरी मी मराठी सेटिंगच्याच बाजूची. संज्ञा चुकली तर वाचताना खटकते, पुस्तकात बघता येते. गळालेले ‘नाही’ खटकतच नाही. शिवाय इंग्रजी सेटिंगमध्ये ‘कॅटॅलिस्ट’सारखे अवघड शब्द अचूक येतात, त्यामुळे शिक्षकांनी सहज नजर टाकली तर सगळे उत्तम चालले आहे असेच वाटते. चुका होतात त्या ‘मध्ये’, ‘पर्यंत’, ‘नाही’ अशा बारक्या शब्दांत, आणि वाक्याचा अर्थ तर त्यांच्यावरच उभा असतो.

शिक्षकांना एकच विनंती आहे. व्याख्या सांगताना ते वाक्य तरी एकाच भाषेत पूर्ण करावे, आणि नकार असलेले विधान चॅटमध्ये टाइप करावे. आमच्या सरांनी हे सुरू केले आहे. तासातली दोन-तीन मिनिटे जातात. मुले मध्येच माइक सुरू करून शंका विचारतात, त्या मात्र कुणी टाइप करत नाही. तेवढा भाग तिला अजूनही मी संध्याकाळी सांगते.

आपली,
एक पालक, सांगली