‘कर्मा’ आणि कर्म

आपल्या रविवार पुरवणीतील लेखात एका नेत्याच्या पराभवाला ‘कर्माने गाठले’ असे म्हटले आहे. हा ‘कर्मा’ इंग्रजीतून परत आलेला आहे. संस्कृतात ‘कृ’ धातूपासून बनलेल्या कर्माचा अर्थ कृती, आणि वैदिक वाङ्मयात मुख्यतः यज्ञकर्म. कृतीतून जे निघते त्याला फळ किंवा विपाक असे वेगळे शब्द आहेत. ‘कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन’ या ओळीत कर्म आणि फळ समोरासमोर उभे आहेत. कर्म म्हणजेच फळ धरले, तर ओळीला अर्थच उरत नाही. शिवाय परंपरेत संचित आणि प्रारब्ध असा भेद आहे, म्हणजे फळ पुढच्या जन्मातही मिळू शकते. निवडणुकीत हातोहात मिळालेली शिक्षा हा त्याचा अर्थ नव्हे. (मराठीतही आपण कपाळाला हात लावून ‘माझं कर्म!’ म्हणतो, पण त्यात निदान दोष स्वतःकडे असतो. इंग्रजी ‘कर्मा’ बहुधा दुसऱ्याच्या फजितीवर वापरला जातो.)

त्याच लेखात ‘धर्म म्हणजे रिलिजन’ असेही समीकरण आहे. ‘धृ’, म्हणजे धारण करणे, यापासून आलेल्या या शब्दात कर्तव्य, रीत आणि स्वभावही येतो. शेजारधर्म, राजधर्म, दानधर्म या शब्दांत पंथाचा संबंध कुठे आहे? अशोकाच्या कंदाहार येथील द्विभाषिक शिलालेखातही धम्मासाठी ग्रीकमध्ये ‘युसेबिया’, म्हणजे पूज्यभाव, हा शब्द योजला आहे. लेखकाने मराठीत लिहिताना मराठी अर्थच घ्यायला हवे होते.

– एक वाचक, सातारा