त्वचेचा रंग: ‘३८ टक्के’ कोणाचे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पुरवणीतील त्वचेच्या रंगावरचा लेख वाचला. रंग एका जनुकाने ठरत नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा बरोबर आहे. पण सोबतचा तीन जनुकांचा तक्ता आणि ‘एकच जनुक ३८ टक्के रंग ठरवते’ हे वाक्य एकत्र वाचले की गैरसमज होतो. आफ्रिकेविषयीचा परिच्छेद तर त्या गैरसमजावरच उभा आहे.

आधी तक्ता पाहू. तीन जनुके, प्रत्येकाच्या दोन प्रती, म्हणजे एकूण सहा जागा. आईवडील दोघांकडे प्रत्येक जनुकाची एक गडद आणि एक फिकट प्रत असेल, तर मुलाच्या वाट्याला शून्यापासून सहापर्यंत कितीही गडद प्रती येऊ शकतात. ६४ शक्यतांत त्यांची वाटणी १, ६, १५, २०, १५, ६, १ अशी पडते. मधल्या छटांची मुले जास्त आणि दोन्ही टोकांची फार थोडी, हे यातून छान कळते. आईवडिलांपेक्षा गडद किंवा उजळ मूल जन्मणे स्वाभाविक आहे, हेही कळते. इथवर तक्ता उपयोगी आहे.

पण त्यात प्रत्येक प्रतीचे वजन सारखे धरले आहे, आणि खरे वजन सारखे नसते. शिवाय रंग मोजायचा कशाने, याचा उल्लेख लेखात कुठेच नाही. संशोधक सहसा दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन कमी लागते तिथे, लाल प्रकाश टाकून किती परत येतो ते मोजतात आणि त्यावरून मेलॅनिन निर्देशांक काढतात:

M = 100 × log10(1/R)

R म्हणजे परत आलेल्या प्रकाशाचा हिस्सा. ४० टक्के प्रकाश परत आला तर निर्देशांक साधारण ४०, २० टक्के आला तर ७०, १० टक्के आला तर १००. परतणारा प्रकाश निम्मा झाला की निर्देशांक ३० ने वाढतो. जनुकांच्या परिणामांची बेरीज या मोजपट्टीवर केली जाते, डोळ्यांना दिसणाऱ्या छटांवर नाही. मोजताना हातावरचा उन्हाने रापलेला भाग घेतला, तर जनुकांच्या हिशेबात ऊन मिसळते आणि लहान परिणाम त्यात बुडून जातात.

आता ३८ टक्के. हा आकडा एसएलसी२४ए५ या जनुकाचा. कीथ चेंग यांच्या गटाने २००५ मध्ये झेब्रामाशाच्या ‘गोल्डन’ या फिकट वाणावरून ते शोधले. माणसातल्या फिकट प्रकारात प्रथिनाच्या १११व्या जागी ॲलानिनऐवजी थ्रिओनिन येते. युरोपात हा प्रकार जवळजवळ प्रत्येकात आहे, पश्चिम आफ्रिकेत विरळ. दोन्ही वंश मिसळलेल्या लोकांत मोजल्यावर असे दिसले, की युरोपीय आणि पश्चिम आफ्रिकी लोकांच्या सरासरी रंगातल्या फरकापैकी २५ ते ३८ टक्के वाटा या एका बदलाचा असावा. आकडा त्या दोन समूहांमधल्या फरकाचा आहे, कोणा एका माणसाच्या रंगाचा नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या एखाद्या गावात जवळपास सगळ्यांकडे जुनाच प्रकार असेल, तर तिथल्या गडद आणि उजळ शेजाऱ्यांमधला फरक हे जनुक जवळजवळ शून्य टक्के समजावते. जनुक तेच आणि कामही तेच करते. जिथे सगळ्यांकडे एकच प्रत आहे तिथे ते फरक पाडणार कसा?

लेखातला ‘आफ्रिकेतील सर्वांकडे गडद प्रती, म्हणून तिथे विविधता कमी’ हा निष्कर्ष इथेच घसरतो. युरोपात शोधलेल्या जनुकांची यादी घेऊन आफ्रिकेत मोजायला गेले की तिथे फरक कमीच दिसणार. तिथला फरक ज्या प्रकारांमुळे पडतो, ते त्या यादीत नसतात.

सारा टिशकॉफ यांच्या गटाने २०१७ मध्ये उलट दिशेने काम केले. इथिओपिया, टांझानिया आणि बोट्स्वाना इथल्या सुमारे १६०० लोकांची जनुके आणि त्वचेचे मोजमाप एकत्र तपासले. मोजमापात पूर्व आफ्रिकेतले नायलो-सहारन भाषिक पशुपालक सर्वांत गडद निघाले, तर दक्षिणेकडचे सान सर्वांत उजळ. एमएफएसडी१२, डीडीबी१ आणि ओसीए२ यांच्या परिसरांत नवे प्रकार सापडले, एसएलसी२४ए५ही पुन्हा दिसले. हे सगळे मिळून रंगातल्या फरकाचा सुमारे २९ टक्के भाग समजला. उरलेला भाग बहुधा असंख्य छोट्या परिणामांत विखुरलेला आहे, आणि ते एकेक करून पकडायला याहून कितीतरी मोठे नमुने लागतात.

या प्रकारांचे वय पाहिले तर आफ्रिकेत विविधता जास्त का, ते उलगडते. त्यांतले बरेच, गडद आणि उजळ दोन्ही, तीन लाख वर्षांहून जुने, म्हणजे आधुनिक मानवाच्याही आधीचे आहेत. ओसीए२चा एक उजळ प्रकार सान लोकांतही सर्रास आहे आणि युरोपीयांतही. तो युरोपात जन्मलेला नाही, आफ्रिकेतून बाहेर गेलेला आहे. उलट बाजूने, एमएफएसडी१२चे गडद प्रकार दक्षिण आशिया, ऑस्ट्रेलिया आणि मेलानेशियातही भेटतात. सुमारे ६० हजार वर्षांपूर्वी खंडाबाहेर पडलेला गट लहान होता. त्याने या साठ्यातली मूठभर सोबत नेली, उरलेला साठा तिथेच राहिला.

त्यात खंडाचा आकारही लक्षात घ्या. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना तो सुमारे ३५ अंशांपर्यंत पसरला आहे, त्यामुळे अतिनील किरणांचे प्रमाण सगळीकडे सारखे नाही. स्थलांतरेही खंडाच्या आत आणि उलट दिशेने होत राहिली. एसएलसी२४ए५चा फिकट प्रकार काही हजार वर्षांपूर्वी बाहेरून पूर्व आफ्रिकेत आला आणि पशुपालकांबरोबर दक्षिणेकडे गेला. तिथे सान ज्यांत मोडतात त्या खोईसान समूहांत त्याचे प्रमाण निव्वळ मिसळणीतून अपेक्षित होते त्याहून जास्त वाढले, म्हणजे नैसर्गिक निवडीने त्याला साथ दिली.

मात्र ‘आफ्रिकेत प्रत्येक रंगजनुकात विविधता सर्वाधिक’ असे उलट टोकाचे वाक्यही छापू नये. एमसी१आर या जनुकात प्रथिन बदलणारे फरक आफ्रिकेत अगदी कमी आणि युरोपात भरपूर आहेत. कडक उन्हात हे जनुक बिघडणे महागात पडते, म्हणून तसे बदल तिथे टिकत नाहीत. विविधता सर्वाधिक आहे ती एकंदर साठ्यात आणि प्रत्यक्ष रंगछटांत, एकेका जनुकात असेलच असे नाही.

दुरुस्ती छापणार असाल तर तक्ता राहू द्या, पण त्याखाली ‘सर्व प्रतींचे वजन समान मानले आहे’ अशी ओळ घाला. ‘३८ टक्के रंग’ऐवजी ‘युरोपीय आणि पश्चिम आफ्रिकी समूहांच्या सरासरी रंगातल्या फरकापैकी २५ ते ३८ टक्के’ असे लिहा. आफ्रिकेचा परिच्छेद मात्र दुरुस्त होण्यासारखा नाही. तो पुन्हाच लिहावा लागेल.

आपले,
जनुकशास्त्राचे दोन अध्यापक