कूपनच्या जाहिरातीत मुदत आणि अटी स्पष्ट असाव्यात

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

समाजमाध्यमांवर आणि आता छापील अंकांतही 'हा कोड वापरा आणि सवलत मिळवा' अशा जाहिराती रोज दिसतात. चित्राखाली दोन-तीन ओळींचे कॅप्शन असते आणि त्या ओळींवरच ग्राहकाने खरेदीचा निर्णय घ्यावा, अशी अपेक्षा असते. अशी कॅप्शन लिहिणे आणि त्यानंतर येणाऱ्या ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरे देणे ही दोन्ही कामे मी करते. त्या अनुभवावरून, मर्यादित मुदतीच्या कूपन कोडचे कॅप्शन कुठे फसते आणि ते कसे लिहिले जावे, याबद्दल आपल्या वाचकांपुढे काही मांडावेसे वाटते.

नेहमी पाहायला मिळणारा एक नमुना घेऊ: "धमाकेदार सवलत! फक्त ४८ तास! SAVE20 वापरा आणि २० टक्के वाचवा. अटी लागू." यातील एकही शब्द खोटा नसेल. पण हे वाचून आपल्याला सवलत मिळणार की नाही, हे ग्राहकाला सांगता येत नाही. वस्तू निवडून, पत्ता भरून, पैसे भरण्याच्या पानावर पोचल्यावर त्याला 'कोड अवैध आहे' एवढेच उत्तर मिळते. मुदत संपली असो, किमान खरेदी झालेली नसो, कोड आधीच वापरलेला असो किंवा एखादे अक्षर चुकलेले असो, बहुतेक ठिकाणी संदेश हाच असतो. नेमके कारण पडद्यावर कळत नसल्यामुळे ते ओळखण्याइतकी माहिती कॅप्शनमध्येच असणे आवश्यक ठरते.

सर्वाधिक गोंधळ मुदतीचा होतो. 'फक्त ४८ तास' हे नेमके केव्हापासून मोजायचे? जाहिरात प्रसिद्ध झाली त्या क्षणापासून, की ग्राहकाने ती पाहिली तेव्हापासून? समाजमाध्यमांवर मजकूर वेळेच्या क्रमाने दिसेलच असे नाही. परवाची जाहिरात आज समोर येते, कोणी तिचे चित्र काढून चार दिवसांनी मैत्रिणीला पाठवते. तोवर 'आज', 'उद्या' आणि 'या शनिवारी' या शब्दांचा अर्थ बदललेला असतो. म्हणून मुदत नेहमी दिवस, महिना आणि वर्ष लिहून सांगावी, आणि महिना अक्षरांत लिहावा. '०५/०६' हे कोणाला पाच जून वाटते, तर कोणाला सहा मे.

तारीख लिहिली तरी प्रश्न उरतोच. '३० नोव्हेंबरपर्यंत' असे वाचणारा माणूस ३० तारखेचा पूर्ण दिवस धरतो आणि त्याचे बरोबर आहे. परंतु प्रणालीत कोड तयार करताना समाप्तीच्या रकान्यात नुसती ३० तारीख निवडली, तर अनेकदा तिच्यापुढे ००:०० ही वेळ आपोआप बसते, म्हणजे ३० तारीख सुरू होताक्षणीच कोड बंद पडतो. जाहिरातीत मात्र तो आणखी एक दिवस जिवंत असतो. शेवटच्या तारखेच्या पहाटेपासूनच तक्रारींची रीघ लागली, तर कारण जवळपास नेहमी हेच निघते. घड्याळ कोणत्या प्रदेशाचे धरले आहे, हाही त्यातलाच प्रकार आहे. सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालत असेल आणि ग्राहकाची स्थानिक वेळ त्याहून वेगळी असेल, तर मुदत ठरल्यापेक्षा काही तास आधी किंवा नंतर संपते. 'रात्री १२ पर्यंत' हेही टाळावे, कारण ते त्या तारखेच्या सुरुवातीचे बारा की अखेरचे, हे स्पष्ट होत नाही. 'रात्री ११:५९' म्हटले की शंका उरत नाही.

याला जोडूनच आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावरून होणारे वाद सर्वांत कडवट असतात. मुदत कोणत्या कृतीला लागू आहे? कोड टाकण्याला, की मागणी नोंदली जाण्याला? कोणी ११:५७ ला कोड टाकते, रक्कम कमी झालेली दिसते, पण बँकेकडून पैसे अडतात, आणि दुसऱ्या प्रयत्नात घड्याळात १२:०१ झालेले असतात. बहुसंख्य प्रणाली मागणी नोंदवण्याच्या क्षणी कोड पुन्हा तपासतात, त्यामुळे सवलत नाहीशी होते. ग्राहकाला हे हातातोंडाशी आलेला घास काढून घेतल्यासारखे वाटले, तर त्याला दोष देता येणार नाही. 'या वेळेपर्यंत पैसे भरून मागणी नोंदलेली असावी' हे एक वाक्य कॅप्शनमध्ये असते, तर त्याने शेवटच्या पाच मिनिटांचा भरवसा धरलाच नसता.

आता 'अटी लागू' या दोन शब्दांकडे वळते. वरच्या नमुन्यातील कोडच्या अटी अशा होत्या असे समजू: किमान खरेदी १०००, सवलत २० टक्के, कमाल सवलत ३००, आणि आधीच सवलतीत असलेल्या वस्तू वगळलेल्या. चलन कोणतेही धरा, हिशोब तोच राहतो. १००० च्या खरेदीवर २०० सुटतात आणि १५०० च्या खरेदीवर ३००. त्यापुढे मात्र रक्कम वाढली तरी सूट वाढत नाही; ३००० च्या खरेदीवरही ३००च मिळतात, म्हणजे प्रत्यक्षात १० टक्के. थोडक्यात, जाहिरातीतले २० टक्के हे १००० ते १५०० या पट्ट्यापुरतेच खरे आहेत. मोठी खरेदी करणाऱ्या माणसाला हे आधी कळले पाहिजे, कारण त्याच आकड्याकडे पाहून त्याने खरेदी वाढवलेली असते. कमाल मर्यादा लावणे गैर आहे असे मला म्हणायचे नाही. ती लपवणे गैर आहे.

किमान खरेदीची अट याहूनही फसवी ठरू शकते, कारण ती कोणत्या रकमेवर मोजायची हे क्वचितच लिहिलेले असते. एका ग्राहकाच्या कार्टमध्ये ११०० ची खरेदी आहे, त्यातली २५० ची एक वस्तू आधीच सवलतीत आहे. कार्टवर ११०० दिसतात, पण कोडसाठी पात्र रक्कम ८५०च भरते, आणि कोड नाकारला जातो. ग्राहक पुन्हापुन्हा कोड टाकून पाहतो, अक्षरे तपासतो, शेवटी प्रणालीच बिघडली आहे असे ठरवतो. 'सवलतीतील वस्तू आणि पोचवण्याचा खर्च वगळून १००० ची खरेदी' असे लिहिले असते, तर त्याने आणखी १५० ची वस्तू घेतली असती किंवा कोडचा नाद सोडला असता. दोन्ही बाबतीत त्याचा वेळ वाचला असता.

कोड कसा वापरायचा हे सांगण्याची गरजच वाटत नाही, असे अनेक जाहिरातदार मानतात. मला ते पटत नाही. कोडचा रकाना कुठे कार्टच्या पानावर असतो, कुठे पैसे भरण्याच्या पानावर, आणि फोनवर तर पुष्कळदा तो एका छोट्या ओळीमागे मिटलेला असतो. शिवाय कोड टाकून 'लागू करा' हे बटण दाबावे लागते; ते न दाबताच पुढे गेलेले कितीतरी लोक पूर्ण रक्कम भरून बसतात, आणि पैसे भरल्यानंतर सवलत सहसा लावता येत नाही. त्यामुळे कॅप्शनमध्ये शेवटी एवढे असावेच की, बिलात सवलतीची वेगळी ओळ आणि कमी झालेली एकूण रक्कम दिसल्यावरच पैसे भरावेत. कोड तयार करतानाही शून्य आणि 'ओ', एक आणि 'आय' ही एकमेकांसारखी दिसणारी चिन्हे टाळली, तर हाताने टाइप करणाऱ्यांचे अर्धे प्रश्न मिटतात.

या सगळ्यासकट नमुन्यातले कॅप्शन मी असे लिहीन:

"SAVE20 या कोडवर २० टक्के सवलत, जास्तीत जास्त ३००. मुदत: ३० नोव्हेंबर २०२६, रात्री ११:५९ (आपल्या स्थानिक वेळेनुसार), तोपर्यंत पैसे भरून मागणी नोंदलेली असावी. सवलतीतील वस्तू आणि पोचवण्याचा खर्च वगळून किमान १००० ची खरेदी आवश्यक. एका ग्राहकाला एकदाच. दुसऱ्या कोडसोबत चालणार नाही. वापरण्यासाठी: कार्टमध्ये 'कूपन' या रकान्यात कोड टाका, 'लागू करा' दाबा, आणि एकूण रक्कम कमी झालेली पाहूनच पैसे भरा."

मजकूर लांबला हे खरे, पण क्रम पाहावा. कॅप्शनच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात आणि उरलेला भाग 'अधिक' दाबल्यावर उघडतो. म्हणून कोड, सवलतीची कमाल मर्यादा आणि मुदत आधी आली आहे. सवलत ठरावीक संख्येच्या ग्राहकांपुरती असेल, तर तारखेशेजारीच 'किंवा पहिल्या ५०० मागण्या, यांपैकी जे आधी होईल ते' असे लिहायला हवे, आणि संख्या संपताच कॅप्शन दुरुस्त करून 'सवलत संपली' असे वर टाकायला हवे. मुदत फक्त चित्रावर लिहिणे मात्र चुकीचे आहे, कारण चित्रातला मजकूर नंतर सहज बदलता येत नाही आणि ज्यांना दिसत नाही अशा वाचकांना तो फोन वाचूनही दाखवेलच असे नाही.

हे अपुरे का राहते, याचे कारण बहुधा लबाडी नसते. कॅप्शन एक जण लिहितो आणि कोड दुसरा तयार करतो. लिहिणाऱ्याच्या हाती फक्त '२० टक्के, महिनाअखेर' एवढा निरोप येतो. प्रसिद्धीपूर्वी दोघांनी कोडच्या नोंदी समोर उघडून कॅप्शनशी ओळीओळीने ताडून पाहाव्यात, आणि दोन खोट्या मागण्या करून पाहाव्यात, एक किमान रकमेच्या किंचित खाली आणि एक किंचित वर. पंधरा मिनिटांचे हे काम आहे. ते टाळले, तर त्याची किंमत ग्राहक सेवेत बसलेल्या माणसांना आणि ग्राहकांना मोजावी लागते.

आपल्याकडे एक विनंती आहे. संकेतस्थळावरचा किंवा फोनवरचा मजकूर नंतर दुरुस्त करता येतो, छापलेला अंक मात्र तसाच राहतो आणि जुन्या अंकातला कोड आठवड्याने कोणी तरी वापरून पाहतोच. म्हणून आपल्या जाहिरात विभागाने कूपन असलेली जाहिरात स्वीकारताना समाप्तीची पूर्ण तारीख आणि वेळ, किमान खरेदी आणि कमाल सवलत या बाबी कोडच्याच शेजारी आणि वाचता येईल अशा अक्षरांत असल्याशिवाय ती छापू नये, असा नियम करावा.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक