ताप नाही म्हणून फ्लू नाही, असे छापू नये

महोदय,

कालच्या अंकात पावसाळी फ्लूविषयी आपण जी चौकट छापली आहे, तिच्यातील ‘ताप नसल्यास फ्लूची शंका घेऊ नये, घरीच विश्रांती घ्यावी’ हे वाक्य वाचून मी अतिशय अस्वस्थ झाले आहे. धडधाकट तरुण माणसाला ते बऱ्याच अंशी लागू पडेल. पण ज्यांच्या घरी पंच्याऐंशी-नव्वदीची माणसे आहेत, त्यांच्या हाती असा सल्ला देणे धोक्याचे आहे. मी परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहे आणि गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या सासूबाईंच्या आजारपणात याच समजुतीपायी जे घडले, ते आपल्यापुढे मांडणे मला आवश्यक वाटते.

सासूबाईंचे वय तेव्हा ८९ होते. त्यांना मधुमेह आहे, त्यासाठी ग्लिमेपिराइडची गोळी चालू होती, आणि गुडघेदुखीसाठी त्या रोज सकाळ-संध्याकाळ पॅरासिटामॉल घेत असत. नातवाला आठवडाभर सर्दी-खोकला होता. एके सकाळी सासूबाईंनी चहा नको म्हटले, दुपारी भाताचे दोन घास खाऊन ताट बाजूला सारले, आणि संध्याकाळी खुर्चीतून उठताना त्यांना दोन्ही बाजूंनी आधार द्यावा लागला. खोकला नाही, घसा दुखत नाही, अंग गरम नाही. रात्री न्हाणीघराकडे जाताना त्या पडल्या.

आम्ही त्यांना ज्या रुग्णालयात नेले, तेथे खुब्याचा एक्स-रे काढला, तो सुदैवाने चांगला निघाला. रक्तातील साखर ५८ भरली. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर त्या बोलू लागल्या, आणि पडण्याचे कारण सापडले असे समजून सगळे निश्चिंत झाले. साखर का उतरली, तर गोळी घेतली आणि जेवण झाले नाही म्हणून. परंतु ज्या बाईंनी आयुष्यात कधी जेवणाची वेळ चुकवली नाही, त्यांची अन्नावरची वासना एका दिवसात का उडाली, हा पुढचा प्रश्न तेथे कोणीही विचारला नाही. नातवाच्या खोकल्याचा उल्लेख मी स्वतः केला, तेव्हा ‘आजींना ताप कुठे आहे?’ असे उत्तर मिळाले, ‘वयोमानाने अशक्तपणा’ असे कागदावर लिहिले गेले आणि आम्हाला घरी पाठवण्यात आले.

त्यांच्या तोंडातील तापमान त्या रात्री ९९.२ अंश होते. एरवी त्यांचे तापमान ९७ च्याही किंचित खाली असते, हे माझ्या वहीत नोंदलेले आहे. म्हणजे ते दोन अंशांहून अधिक वाढले होते, आणि तेही पॅरासिटामॉल पोटात असताना. अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेने वृद्धाश्रमांतील रहिवाशांसाठी २००८ मध्ये जे निकष दिले, त्यांत एकदा १०० च्या वर किंवा वारंवार ९९ च्या वर गेलेले तोंडातील तापमान आणि नेहमीपेक्षा दोन अंशांहून अधिक झालेली वाढ, या सर्वांना ताप म्हटले आहे. अतिवृद्ध शरीरात रोगप्रतिकारक पेशींकडून मेंदूकडे जाणारा ताप चढवण्याचा संदेशच क्षीण असतो, थरथरून उष्णता निर्माण करण्याची स्नायूंची शक्ती उरलेली नसते, आणि मुळातले तापमान खालचे असते. त्यामुळे ताप दिसत नाही; पण संसर्गाशी झगडताना रक्तात जी द्रव्ये सुटतात, ती भूक मारण्याचे आणि स्नायू ढिले करण्याचे काम करतातच. तरुण माणसाच्या अंगात यासाठी साठा असतो. नव्वदीच्या माणसाचे उठणे-बसणे आधीच शेवटच्या ताकदीवर चाललेले असते, ती थोडी कमी झाली की माणूस पडतो.

दुसऱ्या दिवशी त्यांना ग्लानी येऊ लागली. मी त्यांच्या छातीवर हात ठेवून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले, ते २८ भरले. या वयात मिनिटाला २५ किंवा त्याहून अधिक श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका घ्यावीच लागते. या वेळी आम्ही दुसरीकडे गेलो. तेथील डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो घरात कोणाला सर्दी-खोकला आहे का, असा. त्यांनी नाकाचा आणि घशाचा स्वॅब आरटी-पीसीआरसाठी पाठवला आणि अहवालाची वाट न पाहता त्याच रात्री ऑसेल्टामिव्हिर हे फ्लूवरचे औषध सुरू केले. मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असल्याने नेहमीच्या ७५ मिलिग्रॅमऐवजी ३० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. ग्लिमेपिराइड लगेच बंद केले. अहवालात एच३एन२ इन्फ्लुएन्झा आला, आणि उजव्या फुप्फुसात न्यूमोनियाही सुरू झाला होता. हे औषध पहिल्या ४८ तासांत दिल्यास सर्वाधिक उपयोगी पडते. त्यानंतरही रुग्णालयात दाखल झालेल्यांना ते द्यावेच लागते, पण आमचे मोलाचे तास ‘ताप नाही’ या दोन शब्दांत गेले.

सासूबाई बऱ्या झाल्या. मात्र अंथरुणात गेलेली पायांतील शक्ती परत आली नाही. पूर्वी त्या एकट्या अंगणात जात, आता वॉकरशिवाय आणि सोबतीशिवाय उभ्या राहू शकत नाहीत.

प्रत्येक अशक्तपणा फ्लूचाच असतो, असे माझे म्हणणे नाही. लघवीचा संसर्ग, रक्तातील सोडियम घटणे, छातीत न दुखता आलेला हृदयविकाराचा झटका, एखादे नवीन औषध, यांपैकी काहीही असेच दिसू शकते, आणि म्हणूनच तपासणी हवी. फ्लूची साथ चालू असताना त्या तपासणीत स्वॅब असलाच पाहिजे, एवढाच माझा आग्रह आहे. झटपट पट्टीची चाचणी नकारात्मक आली तरी वृद्धांमध्ये तेवढ्यावर विसंबता येत नाही.

आपल्या चौकटीचा सगळा दोष आपला नाही, हेही मला मान्य आहे. फ्लूच्या रुग्णांची आरोग्य खात्याने केलेली अ, ब, क ही वर्गवारीच तापापासून सुरू होते. पासष्टीच्या पुढच्यांना तीत जोखमीच्या ब वर्गात घेतले आहे, पण सौम्य ताप आणि खोकला असेल तर. याच विचाराने अनेक रुग्णालयांच्या दारात कपाळासमोर तापमापक धरून रुग्णांची विभागणी होते, आणि थंड पडलेल्या कपाळाची आजी हाडांच्या विभागात जाऊन बसते, शेजारच्या बाकांवरील रुग्णांना खोकल्याचा प्रसाद देत. याकडे आपल्या आरोग्य-वार्ताहरांनी स्वतंत्रपणे लक्ष द्यावे.

माझी विनंती अशी, की चौकटीतील ते वाक्य दुरुस्त करून त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत पुन्हा छापावे: ऐंशीच्या पुढच्या व्यक्तीने एक-दोन दिवसांत जेवण सोडले, तिला उठता येईना, ती पडली किंवा असंबद्ध बोलू लागली, तर ताप असो वा नसो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे; घरात कोणाला सर्दी-खोकला असल्यास ते आवर्जून सांगावे; आणि जेवण बंद असताना साखरेची व रक्तदाबाची गोळी चालू ठेवावी की नाही, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढची मात्रा देऊ नये.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सातारा