कंपनीच्या ईमेलला उत्तर: काय जोडलं, काय राहिलं

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या क्लेमसाठी विमा कंपनीने ईमेलने सहा कागद मागितले आहेत. सगळे हाती येईपर्यंत थांबू नका, बाबा. आज आहे तेवढं पाठवा. उत्तर गेलं नाही तर ते एक-दोन स्मरणपत्रं पाठवून फाइल बंद करतात, आणि बंद झालेली फाइल पुन्हा उघडून घेणं फार कटकटीचं असतं. नवा ईमेल लिहू नका, त्यांच्याच ईमेलला रिप्लाय करा, म्हणजे विषयातला क्लेम नंबर तसाच राहील.

उत्तर इंग्रजीत लिहून ड्राफ्टमध्ये ठेवलं आहे. त्याचा मजकूर असा:

"आपल्या यादीतले क्र. 1 डिस्चार्ज कार्ड, क्र. 2 तपशीलवार अंतिम बिल (48,500 रुपये) आणि क्र. 4 कॅन्सल्ड चेक जोडले आहेत. क्र. 3 पावत्यांपैकी 38,500 रुपयांची पावती जोडली आहे. 10,000 रुपयांच्या अ‍ॅडव्हान्सची पावती, क्र. 5 लेन्सचं स्टिकर व बिल आणि क्र. 6 डॉक्टरांचं प्रमाणपत्र येत्या शुक्रवारपर्यंत पाठवतो. तोवर क्लेम बंद करू नये."

चेक बाबांच्याच खात्याचा लावा. पेशंट आई असली तरी पॉलिसी बाबांच्या नावावर आहे, त्यामुळे पैसे त्यांच्याच खात्यात येतील. चेकवर नाव छापलेलं हवं. नसेल तर पासबुकाचं पहिलं पान जोडा.

अ‍ॅडव्हान्सची पावती बिलिंग काउंटरवर मागा. बिल आणि पावत्यांची बेरीज जुळली नाही तर कमी पडलेले 10,000 कापले जाऊ शकतात. लेन्सच्या स्टिकरवर सिरियल नंबर आणि पॉवर असते. आईला दिलेल्या लेन्सच्या कार्डावर ते चिकटवलेलं आहे का, आधी बघा. नसेल तर ऑपरेशनच्या कागदांवरच्या स्टिकरची झेरॉक्स शिक्क्यासह घ्या. डोळा उजवा की डावा, हे सगळ्या कागदांवर एकच आहे ना, तेही तपासा.

सगळ्यात जपून करायचं काम म्हणजे डॉक्टरांचं प्रमाणपत्र. आईला मधुमेह केव्हापासून, एवढंच कंपनीला हवं आहे. नुसतं "जुना मधुमेह" लिहिलं की तो पॉलिसीच्या आधीचा असल्याची शंका निघते. आई, तुझ्या निळ्या फाइलमधला 2019 चा पहिला शुगर रिपोर्ट डॉक्टरांना दाखव. त्यावरून त्यांनी महिना आणि वर्ष लिहावं, खाली सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक द्यावा. दाखल होताना कुणी घाईत "दहा वर्षांपासून" लिहिलं असेल तर त्यावर खाडाखोड करायची नाही; ती नोंद का चुकली, हे डॉक्टरांनीच प्रमाणपत्रात लिहायला हवं. तुमची पॉलिसी 2016 पासून अखंड चालू आहे. सलग 60 महिने झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवल्याच्या कारणाने कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. तेव्हा घाबरू नका, खरी तारीख लिहून घ्या.

प्रत्येक कागदाची वेगळी पीडीएफ करा आणि फाइलच्या नावात त्यांच्या यादीतला क्रमांक घाला. मूळ कागद कुरिअरने जातील, त्याआधी सगळ्यांची झेरॉक्स घरी ठेवा.

तुमची लेक