तेल, मृग, पाखंड, साहस

प्रिय सुहास,

शब्दांचे अर्थ फिरतात ते कसे, हे तू विचारलंस. अर्थ पसरतो, आकसतो, वर चढतो किंवा घसरतो, एवढ्या चार वाटा बहुतेकदा सांगतात. पण ही वर्गवारी पाठ करण्यापेक्षा एकेका शब्दाचा माग काढायला जास्त मजा येते.

‘तेल’ घे. संस्कृत ‘तैल’ म्हणजे तिळाचं. पुढे करडईचं, शेंगदाण्याचं, जमिनीतून निघणारंसुद्धा तेलच झालं. अर्थ पुरता पसरला हे कशावरून ओळखायचं? आपण ‘तिळाचं तेल’ म्हणतो आणि त्यात कुणाला द्विरुक्ती खटकत नाही.

‘मृग’ उलट आकसला. ऋग्वेदात तो कुठलाही रानटी पशू आहे, हत्तीला तर ‘हात असलेला मृग’ म्हटलंय. शिकार बहुधा हरणाची व्हायची आणि एकूण जनावरांसाठी ‘पशू’ होताच, म्हणून तो हरणापुरता उरला असावा. जुना अर्थ जोडशब्दांत मात्र टिकला: मृगया म्हणजे नुसती हरणाची शिकार नव्हे, आणि मृगेंद्र हा सिंह. इंग्रजीत ‘डिअर’चंही हेच झालं, मूळ अर्थ प्राणी.

मला सगळ्यात आवडते ती ‘पाखंड’ची घसरण. गिरनारच्या शिलालेखात, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, सम्राट अशोक सांगतो की राजा सर्व ‘पासंडां’चा, संन्याशांचा आणि गृहस्थांचा मान राखतो. तिथे पासंड म्हणजे साधा पंथ. स्वतःच्या पासंडाची उगाच स्तुती आणि दुसऱ्याच्या पासंडाची निंदा करू नका, असंही तो बजावतो. म्हणजे स्वतःचा पंथही पासंडच! मनुस्मृतीत येईपर्यंत पाषंडी म्हणजे वेदबाह्य माणूस, ज्याचा बोलूनही सत्कार करायचा नाही. शब्द ‘त्यां’च्यासाठीच वापरला जाऊ लागला, की त्यांच्याबद्दलचा राग त्याला चिकटतो. आज पाखंडी म्हणजे सरळ ढोंगी.

‘साहस’ मात्र वर चढला. त्याच मनुस्मृतीत साहस हा गुन्हा आहे: धन्यासमक्ष जबरदस्तीने केलेलं कृत्य. दंडाच्या पायऱ्यांनाही तेच नाव, प्रथम साहस म्हणजे ‘पण’ नावाची २५० नाणी, मध्यम ५००, उत्तम १०००. जबरदस्तीला लागणारी छाती शब्दाच्या अर्थामध्ये उरली आणि गुन्हा गळाला, म्हणून आज आपण साहसी खेळांच्या शिबिराला पोरांना पैसे भरून पाठवतो. तरी चढण पुरी झालेली नाही. ‘भलतं साहस करू नकोस’ म्हणताना आईच्या आवाजात जुना अर्थ डोकावतोच.

या चार खणांत सगळंच बसत नाही, बरं का. ‘राजीनामा’ म्हणजे फारसीत राजीखुशीचा कागद, आपल्याकडे नोकरी सोडल्याचा. यात पसरलं काय आणि घसरलं काय? हिंदी पट्ट्यातल्या कोर्टात मात्र अजून तडजोडीलाच राजीनामा म्हणतात. तिथल्या वकिलाला ‘माझा राजीनामा झाला’ म्हणालास, तर तो भांडण मिटल्याबद्दल तुझं अभिनंदन करील.

तुझा,
अविनाश